प्रकल्प नोंदी: भूजलाच्या प्रकरणातले ५८ संदर्भ

सोमवार, २ जून २०२५

सरांकडून मसुदा आला. विषय महाराष्ट्रातलं भूजल, पानं ३४, संदर्भ ५८. एका संपादित ग्रंथातलं हे प्रकरण आहे आणि ज्या संदर्भाला डीओआय, म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा ओळखक्रमांक, आहे त्याचा तो यादीत द्यायचाच, अशी प्रकाशकाची अट आहे. समीक्षकाने एकच ओळ लिहून पाठवलीय: "संदर्भ क्र. ३७ मला कुठेच सापडला नाही." सर म्हणाले, "तेवढा एक बघून दे." एक सापडत नसेल तर बाकीचे सत्तावन्नही बघावे लागतील, असं मी त्यांना सांगितलं. १३ तारखेपर्यंत मुदत मिळाली.

यादी एक्सेलमध्ये आहे. ५८ पैकी ४३ ओळींत डीओआय आहे, १५ ओळींत तो रकाना रिकामा. संगणकावर काही चालवण्याआधी तो रकाना नुसता वरून खाली वाचून काढला. ही सवय मी सोडत नाही, कारण काही चुका डोळ्यांनाच आधी दिसतात. आजही तसंच झालं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या सायन्स नियतकालिकातल्या २००९ च्या लेखाचा डीओआय `10.1126/science.1172133` बरोबर आहे. त्याच्या खालच्या ओळीत `science.1172134` आणि तिच्याखाली `science.1172135`. कुणीतरी कोपरा धरून पेशी खाली ओढली आणि एक्सेलने शेवटचा आकडा एकेकाने वाढवत नेला. हे दोन डीओआय उघडतात की नाही ते बघायचीही गरज नव्हती.

त्यातली एक ओळ गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या, सामायिक संसाधनांवरच्या प्रसिद्ध लेखाची होती. त्याचा खरा डीओआय `10.1126/science.162.3859.1243`. जुन्या सायन्सच्या डीओआयमध्ये खंड, अंक आणि पहिलं पान अशा क्रमाने आकडे असतात. मसुद्यात खंड १६२, पानं १२४३ ते १२४८ असं आहे, म्हणजे ओळ आणि डीओआय एकमेकांशी जुळतात. दुसरी ओळही दुरुस्त केली. ४३ ची संख्या कायम.

मंगळवार, ३ जून

आज पहिली चाळणी. डीओआयचे दोन भाग असतात. तिरक्या रेषेच्या आधीचा भाग `10.` ने सुरू होतो आणि तो नोंदणी करणाऱ्या प्रकाशकाला दिलेला असतो. रेषेनंतरचा भाग प्रकाशक स्वतः ठरवतो. त्यामुळे पहिला भाग कुणालाही खरा लिहिता येतो. `10.1016` म्हणजे एल्सव्हिअर, `10.1038` म्हणजे नेचरवाले, हे या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतं. खोटेपणा दुसऱ्या भागात असतो, आणि तो नुसता बघून कळेलच असं नाही.

प्रत्येक दुवा ब्राउझरमध्ये उघडत बसण्यात एक अडचण आहे. प्रकाशकाची साइट कधी बंद असते, कधी लॉगिन मागते, आणि मग चूक डीओआयची की साइटची हे समजत नाही. म्हणून doi.org च्या नोंदवहीलाच थेट विचारायचं, प्रकाशकाच्या दारात जायचंच नाही:

```
while read d; do
  echo "$d $(curl -s https://doi.org/api/handles/$d | grep -o '"responseCode":[0-9]*')"
done < doi.txt
```

उत्तरात १ आला तर डीओआय नोंदलेला आहे. १०० आला तर तशी नोंदच नाही.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा एकाही ओळीपुढे आकडा आला नाही. वर प्रत्येक डीओआयचं पहिलं अक्षर गायब: `0.1038`, `0.1029`, `0.1016`. पाच मिनिटं मला वाटत होतं की इंटरनेट गेलंय. मग लक्षात आलं की doi.txt विंडोजवर जतन केलेली आहे. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह असतं. त्यामुळे पत्ता बिघडतो, curl मुकाट्याने नकार देतो, आणि त्याच चिन्हामुळे कर्सर ओळीच्या सुरुवातीला परत जाऊन पहिल्या अक्षरावर रिकामी जागा छापतो. `tr -d '\r'` ने फाइल साफ केली आणि पुन्हा चालवलं.

निकाल: ३७ ओळींना १, सहा ओळींना १००. क्र. ३७ त्या सहांत आहे.

सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सहा खोटे?" मी म्हटलं, "सर, अजून एकही नाही." शंभर आकडा एवढंच सांगतो की या अक्षरांचा असा क्रम कुणी नोंदलेला नाही. लेख आहे की नाही, यावर तो गप्प आहे.

गुरुवार, ५ जून

सहांपैकी पाच आज सुटले. सगळे खऱ्या लेखांचे निघाले.

दोन ठिकाणी डीओआयच्या शेवटी पूर्णविराम चिकटून आला होता. संदर्भ यादीत वाक्य संपतं म्हणून टिंब येतं आणि कॉपी करताना तेही सोबत येतं. त्यातला एक नेचर जिओसायन्समधला २०१७ चा, मान्सूनचा पाऊस आणि पाण्याचा उपसा यांचा भूजलावर किती किती परिणाम होतो हे वेगळं करून दाखवणारा लेख. `10.1038/ngeo2869` बरोबर, पुढे टिंब लागलं की नोंद सापडत नाही.

तिसऱ्यात `10.1029/2009GLO39401` असं होतं. GL नंतर शून्य हवा, इथे इंग्रजी ओ अक्षर पडलंय. छापील पानाच्या स्कॅनवरून उतरवलं की हे होतं. लहान-मोठ्या लिपीचा मात्र फरक पडत नाही, `gl` लिहिलं तरी डीओआय तोच. दुरुस्त करून पुन्हा विचारलं, १ आला. हा संदर्भ क्र. २३. (याच्याबद्दल उद्याच्या नोंदीत बरंच आहे.)

चौथा शोधगंगेवरचा, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला प्रबंध. तिथल्या प्रबंधांना `10603/` ने सुरू होणारा हँडल क्रमांक असतो. डीओआय याच हँडल पद्धतीवर उभा आहे, म्हणून दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ. पण 10 नंतर टिंब नाही, म्हणजे हा डीओआय नव्हे. मसुदा तयार करणाऱ्याला टिंब राहून गेलंय असं वाटलं असावं, त्याने `10.10603/` करून टाकलं. टिंब काढलं, hdl.handle.net वर उघडलं, प्रबंध समोर. यादीत तो डीओआय म्हणून नाही, हँडल म्हणून जाईल.

पाचवा इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा जुना लेख. जेएसटॉर या जुन्या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहातल्या पानावरचा स्थिर क्रमांक घेऊन त्याच्या आधी `10.2307/` जोडलेलं. जेएसटॉरचे पुष्कळ डीओआय असेच दिसतात, त्यामुळे जोडणाऱ्याला दोष देता येत नाही. पण तो क्रमांक पत्त्यासाठी आहे. त्याचा डीओआय नोंदलेला असेलच असं नाही, आणि इथे तो नाही. लेख मात्र तिथेच आहे, खंड, अंक आणि पानांसकट. डीओआय काढून टाकला आणि दुवा ठेवला.

शुक्रवार, ६ जून

आज ज्यांना १ मिळाला त्यांच्याकडे वळले. टिंबवाले दोन आणि ओ-शून्यवाला धरून आता ४० झाले. माझ्या अनुभवात खरी गडबड या गटात असते, कारण निळा दुवा उघडला की माणूस पुढे सरकतो. डीओआय खरा असणं आणि तो *याच* लेखाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून प्रत्येक डीओआयमागे नोंदलेलं शीर्षक मागवलं:

```
curl -s https://api.crossref.org/works/10.1029/2009GL039401 | jq -r '.message.title[0]'
```

पहिला लेखक, वर्ष आणि खंडही असेच मागवता येतात. मसुद्यातली ओळ डावीकडे, नोंदीतली उजवीकडे, असा तक्ता केला आणि तो डोळ्यांनीच वाचला. शब्द तंतोतंत जुळतात का हे यंत्राकडून तपासलं तर उपशीर्षक गाळलं, अँडच्या जागी चिन्ह आलं, अशा किरकोळ फरकांवरच निम्मे संदर्भ नापास होतात.

एका ओळीला क्रॉसरेफकडून "Resource not found." असं उत्तर आलं, आणि मंगळवारी त्याच डीओआयला doi.org ने १ दिला होता. डीओआय नोंदणाऱ्या संस्था अनेक आहेत, क्रॉसरेफ त्यांतली एक. हा डीओआय `10.5281` चा, म्हणजे झेनोडोवर ठेवलेल्या विदासंचाचा, आणि त्याची नोंद डेटासाइटकडे असते. कोणता डीओआय कुणाकडे आहे हे `https://doi.org/doiRA/10.5281` असं विचारलं की कळतं. जे केवळ क्रॉसरेफवर शोधतात ते अशा ठिकाणी खऱ्याला खोटं ठरवून मोकळे होतात. आर्काइव्ह या प्रकाशनपूर्व लेखांच्या साइटवरच्या डीओआयचंही तसंच, तेही डेटासाइटकडे.

तीन ओळींत वर्ष एकाने पुढे-मागे. लेख ऑनलाइन आधी येतो आणि छापील अंकात पुढच्या वर्षी, म्हणून दोन तारखा असतात. छापील अंकाचं वर्ष धरलं.

आता क्र. २३. मसुद्यात लेखक तिवारी, वार आणि स्वेन्सन, नियतकालिक जिओफिजिकल रिसर्च लेटर्स, खंड ३६, लेख-क्रमांक L18401, साल २००९. सगळं जुळतं. शीर्षक जुळत नाही. मसुद्यातल्या शीर्षकात दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशातल्या भूजलाची घट आहे. नोंदीत:

```
Dwindling groundwater resources in northern India, from satellite gravity observations
```

उत्तर भारत! मसुद्यातलं वाक्य काढून पाहिलं. मराठवाड्यातल्या तालुक्यांची भूजल पातळी उपग्रहाच्या मोजणीनुसार घसरत असल्याचं तिथे लिहिलंय आणि पुरावा म्हणून हाच २३. इथे डीओआय बाजूला ठेवूनही शंका यायला हवी होती. हा अभ्यास ग्रेस उपग्रहांच्या गुरुत्व मोजणीवरचा आहे. त्या मोजणीचा ठसा काहीशे किलोमीटर रुंदीचा असतो, त्यात तालुका वेगळा दिसूच शकत नाही. शिवाय आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं, पाच मैलांवर परिस्थिती बदलते.

सरांकडे पीएचडी करणाऱ्या मुलीने ही यादी जमवलीय. तिला फोन केला. "ताई, तो पेपर मी वाचलाय हो," ती म्हणाली. वाचला होताच. तिच्या वाचनाच्या टिपणांची फाइल तिने पाठवली. प्रत्येक टिपणाला तिने स्वतःचं मथळेवजा वाक्य दिलंय, आणि तिवारींच्या लेखाखाली तिने स्वतःसाठी लिहून ठेवलंय की हीच पद्धत दख्खनच्या बेसॉल्टवर लावून पाहता येईल का. यादी करताना लेखाचं शीर्षक राहिलं आणि टिपणाचा मथळा इंग्रजीत जाऊन बसला. पुढे सरांनी यादीतलं शीर्षक वाचून वाक्य लिहिलं. कुणीच खोटं बोललं नाही, आणि तरी कधीच न झालेला एक अभ्यास प्रकरणात आला.

मी तिला एवढंच म्हटलं, "अगं, शीर्षक कधी आपण टाइप करायचं नाही, डीओआय देऊन नोंदीतून ओढायचं." झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डीओआय टाकला की बाकी ओळ आपोआप भरते, हे तिला ठाऊक होतं. यादी एक्सेलमध्ये करायला कुणी सांगितली होती हे तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

सोमवार, ९ जून

आज फक्त क्र. ३७.

ओळ अशी: तीन लेखक, जर्नल ऑफ हायड्रॉलॉजी, २०१४, खंड आणि पानं दिलेली, विषय महाराष्ट्रातल्या पाणलोट कामांनंतरचं पुनर्भरण. डीओआय `10.1016/j.jhydrol.2014.13.021`.

डीओआयकडे नीट पाहिलं की गंमत कळते. एल्सव्हिअरच्या त्या काळातल्या डीओआयमध्ये नियतकालिकाचं लघुरूप, मग वर्ष, मग महिना, मग अनुक्रम असतो. तेरावा महिना नसतो. ही खूण उपयोगी आहे, पण उलट बाजूने ती वापरायची नाही. महिना बरोबर असला म्हणजे डीओआय खरा, असं होत नाही. आणि डीओआयमधलं वर्ष प्रकाशनाच्या वर्षापेक्षा एकाने मागे असलं तर तीही चूक नव्हे, कारण हा क्रमांक लेख छापून येण्याच्या आधीच पडलेला असतो. नंतरच्या वर्षांत त्यांनी महिना सोडून सलग क्रमांक देणं सुरू केलं, त्यामुळे तिथे ही युक्तीच चालत नाही.

तेरा म्हणजे टंकनदोष असेल, मुळात अकरा किंवा बारा असेल, ही शक्यता आधी घेतली. तिथे अनुक्रम तोच ठेवून दोन्ही महिने लावून पाहिले. लेख हा नव्हे.

मग शीर्षकावरून शोध:

```
curl -sG https://api.crossref.org/works \
  --data-urlencode "query.bibliographic=शीर्षक, पहिला लेखक, वर्ष" -d rows=3
```

(शीर्षकाच्या जागी अर्थातच मसुद्यातलं इंग्रजी शीर्षक टाकायचं.) इथे एक सापळा आहे. हा शोध कधीच रिकाम्या हाताने परत येत नाही. तो जवळात जवळचं काहीतरी आणतोच आणि त्याला गुणही देतो. ते गुण त्या यादीतल्या ओळींची आपसांतली तुलना असतात, ओळखपरेड नव्हे. पहिला निकाल विषयाने इतका जवळचा होता की घाईत असते तर "हाच असणार" म्हणून त्याचा डीओआय लावून टाकला असता. लेखक वेगळे, नियतकालिक वेगळं, वर्ष वेगळं. तसं केलं असतं तर खोट्या संदर्भाला खरा डीओआय मिळाला असता आणि पुढे कुणाच्या बापाला तो सापडला नसता.

शेवटचा उपाय सर्वांत जुना: अंक उघडून बघणं. ज्या खंडात, ज्या पानांवर हा लेख असल्याचा दावा आहे, तिथे काय आहे? नियतकालिकाच्या साइटवर त्या खंडाची अनुक्रमणिका कुणालाही दिसते, वर्गणी लागत नाही. दावा केलेली पानं एका दुसऱ्याच लेखाच्या पोटात आहेत. तो लेख त्याआधी सुरू होतो आणि त्यानंतर संपतो. त्या जागेवर आणखी एक लेख मावतच नाही. न सापडणं हा पुरावा नसतो, पण जागा भरलेली असणं हा पुरावा असतो. मग संपूर्ण वर्षाच्या अनुक्रमणिकांत पहिल्या लेखकाचं आडनाव शोधलं. दोनदा आलं, दोन्ही लेख दुसऱ्याच विषयावरचे.

यादी जमवणाऱ्या मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हा मी वाचलेला नाही, ताई. एका प्रबंधाच्या यादीतून घेतला." तो प्रबंध काढला. तिथे हीच ओळ, हाच तेरावा महिना. त्या प्रबंधात तो कुठून आला, ते आता तिथून पुढे कळायला मार्ग नाही.

बुधवार, ११ जून

डीओआय नसलेले पंधरा. यांत आधी हे पाहिलं की डीओआय खरंच नाही, की कुणी शोधला नाही. चार लेखांना निघाला. उरले अकरा.

सरकारी कागदांना डीओआय नसतो आणि त्यात संशयास्पद काही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अहवाल यंत्रणेच्या नावाने आणि वर्षाने शोधले, शासन निर्णय त्यांच्या सांकेतांकाने. शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात तो लांबलचक आकडा छापलेला असतो आणि शासनाच्या साइटवर तोच टाकला की नेमका तोच कागद येतो. डीओआयचं काम आपल्याकडे इथे हा आकडा करतो म्हणायला हरकत नाही. पुस्तकं दोन, दोन्ही विभागाच्या ग्रंथालयात आहेत. ग्रंथपाल मॅडमनी शीर्षकपृष्ठाचे फोटो पाठवले.

अकरावी ओळ वाचून मी खुर्चीत मागे टेकून हसले. व्हॅन डर गीर, हॅनराड्स, लप्टन, २०१०, वैज्ञानिक लेख कसा लिहावा या कलेवर, जर्नल ऑफ सायंटिफिक कम्युनिकेशन्स, खंड १६३, पानं ५१ ते ५९. हा संदर्भ या धंद्यातला जुना भुताटकीचा वाडा आहे. एल्सव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत संदर्भ कसा लिहायचा याचा नमुना म्हणून तो छापलेला असे. लेख नाही, त्या नावाचं नियतकालिकही नाही. तरी जवळपास चारशे लेखांनी तो उद्धृत केल्याचं २०१७ मध्ये अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी मांडलं. पीटर क्रोननबर्ग या प्राध्यापकांच्या नजरेला तो आधी खटकला होता. बरेचसे परिषदांच्या संग्रहांतले लेख, नमुना-फाइलमधली ओळ पुसायची राहून गेलेले.

आमच्याकडेही तेच झालंय. मजकुरात तो कुठेच उद्धृत नाही, यादीच्या तळाशी नुसता बसलाय. पण गुगल स्कॉलरवर त्याचं नाव टाकलं तर `[CITATION]` अशी खूण लागून तो दिसू शकतो. ती खूण म्हणजे स्कॉलरला लेख मिळालेला नाही, दुसऱ्यांच्या याद्यांत त्याचं नाव मिळालंय. क्र. ३७ ला उद्या आणखी दोघांनी उचललं तर तोही तिथे तसाच झळकेल.

शुक्रवार, १३ जून

सरांसोबत तासभर बसले. व्हॅन डर गीर उडाला. ३७ उडाला, आणि त्याच्यावर उभं असलेलं वाक्यही. पाणलोट कामांनंतर पुनर्भरण अमुक टक्के वाढलं असा आकडा त्या वाक्यात होता. सरांना तो सोडवत नव्हता. "आकडा बरोबरच असणार गं, गावात गेलं की दिसतं." मी म्हटलं, "मग गावातल्या विहिरींच्या नोंदी द्या, सर." यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मोजमापं त्यांच्याकडे आहेत, मान्सूनआधीची आणि नंतरची. ती ते घालणार आहेत, आकडा निघेल तो निघेल.

२३ चं शीर्षक दुरुस्त झालं. मराठवाड्याच्या वाक्यातून तो काढला आणि प्रस्तावनेत उत्तर भारताच्या वाक्यापाशी, नेचरमधल्या रॉडेल आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या लेखाशेजारी (`10.1038/nature08238`) ठेवला. तिथे तो शोभतो.

यादी आता ५६ ची. ४४ डीओआय, सगळ्यांची शीर्षकं नोंदीतून ओढलेली. २ संदर्भ हँडल किंवा जेएसटॉर दुव्यासह, १० डीओआयविना. समीक्षकाला उत्तराचा मसुदा सरांना दिला: क्र. ३७ अस्तित्वात नाही, दिलेल्या पानांवर दुसरा लेख आहे, संदर्भ आणि त्यावरचं विधान दोन्ही मागे घेतलं. सरांनी "अनवधानाने" हा शब्द घातला. तो राहू दिला.

ज्या प्रबंधातून ३७ आला त्याच्या मार्गदर्शकांना पत्र लिहायचं की नाही, यावर सर सोमवारी सांगणार आहेत.